मराठी पायथन कोर्सच्या २४ संहितांमधले शब्द एकसारखे कसे करायचे?

प्रश्न: आम्ही तिघं मिळून पायथनचा मराठी व्हिडिओ कोर्स करतोय. २४ भागांच्या संहिता लिहून झाल्यात, प्रत्येकाने आठ-आठ वाटून घेतल्या होत्या. आता सलग वाचताना दिसतंय की एकाने 'चल' लिहिलंय, दुसऱ्याने 'व्हेरिएबल'. कुठे 'यादी' आहे, कुठे 'लिस्ट'. फाइल आणि फाईल दोन्ही आहेत. पायथनच्या कर्त्याचं नावही तीन तऱ्हांनी आलंय. शोधून बदलायला गेलो तर 'यादीत'चं 'लिस्टत' झालं. रेकॉर्डिंग अजून व्हायचंय. हे सगळं एकसारखं करायची पद्धत काय?

उत्तर: शब्दसूची पक्की होईपर्यंत माइक लावू नका. आत्ता एक शब्द बदलायला काही सेकंद लागतात. आवाज भरून झाल्यावर तोच शब्द बदलायचा तर पुन्हा तोच माणूस, तीच खोली आणि तसाच आवाज लागतो.

फाइल-फाईलपासून सुरुवात करू नका. डोळ्याला तेच आधी खुपतं, पण शिकणाऱ्याचं त्याने काहीच अडत नाही. विसंगती कुठल्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचते ते बघा. काही गोष्टी तो तुमचं बघून टाईप करतो, काही कानाने ऐकतो आणि काही फक्त वाचतो. काम याच क्रमाने करा.

टाईप होणाऱ्या गोष्टी म्हणजे कोडमधली नावं. समजा तुमच्या कोर्समध्ये किराणा दुकानाचं बिल काढणारा प्रोग्रॅम भागाभागाने वाढत जातो. चौथ्या भागाच्या लेखकाने एकूण रकमेसाठी `ekun` हे नाव घेतलं, सातव्या भागाच्या लेखकाने `ekoon`. दोघांचंही रोमन लेखन चालण्यासारखं आहे. पण शिकणारा चौथ्या भागातली फाईल उघडून सातव्यातली ओळ तिच्यात भरतो, आणि त्याला हे दिसतं:

```
NameError: name 'ekoon' is not defined. Did you mean: 'ekun'?
```

शेवटचं सूचनेचं वाक्य पायथन ३.१० पासून मिळतं, जुन्या आवृत्तीवर तेही नाही. तुमच्या सगळ्या विसंगतींपैकी प्रोग्रॅम खरोखर बंद पाडणारी एवढीच, आणि संहिता वाचताना ती सहसा नजरेतून निसटते, कारण वाचणारा कोडवरून भरभर पुढे जातो.

शोधायला मात्र ती सगळ्यात सोपी आहे. संहिता देवनागरीत असल्याने त्यांतली रोमन अक्षरं म्हणजे जवळजवळ सगळा कोडच. संहिता साध्या मजकुराच्या फायली म्हणून, यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि ही आज्ञा चालवा (विंडोज असेल तर गिट बॅशमध्ये):

```
grep -oh '[A-Za-z_][A-Za-z0-9_]*' bhag*.txt | LC_ALL=C sort | LC_ALL=C uniq -c
```

सगळ्या नावांची वर्णानुक्रमे यादी येते, डावीकडे ते नाव किती वेळा आलंय त्याचा आकडा. `kimat`, `kimmat`, `kinmat` एकाखाली एक उभी दिसतील. एक निवडा आणि बाकीची काढा. फायलींची नावंही याच झाडणीत घ्या. `Bill.py` आणि `bill.py` यांत विंडोज फरक करत नाही, लिनक्स करतं. त्यामुळे तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत चालेल आणि कुणा विद्यार्थ्याकडे फाईलच सापडणार नाही.

आता कानाने ऐकायच्या गोष्टी, म्हणजे संज्ञा. खरा वेळ इथेच द्यावा लागतो. 'चल' की 'व्हेरिएबल' यावर तिघं बसलात तर संध्याकाळ जाईल, म्हणून माझी कसोटी सांगतो. जी गोष्ट शिकणाऱ्याला पडद्यावर इंग्रजीत दिसणारच आहे, तिचं नाव तेच ठेवायचं. लिस्टच्या बाहेरचा क्रमांक मागितला की पायथन म्हणतं:

```
IndexError: list index out of range
```

कोर्सभर 'यादी' आणि 'अनुक्रमांक' ऐकलेल्या मुलाला या ओळीतला एकही शब्द ओळखीचा नाही. त्यामुळे लिस्ट, इंडेक्स, स्ट्रिंग, आर्ग्युमेंट हे तसेच. उलट जे शब्द पायथन कधी दाखवत नाही आणि ज्यांना बोलण्यात मराठी शब्द आधीच आहे, तिथे मराठीच ठेवा. 'उत्तर', 'बेरीज', 'अट' यांची इंग्रजी नावं घेऊन काही मिळत नाही.

'चल'बद्दल माझं मत विरुद्ध आहे. शाळेच्या बीजगणितात तो रुळलेला आहे, कागदावर छानही दिसतो. पण ही संहिता बोलली जाणार आहे. 'आता चल बघू' हे वाक्य ऐकणाऱ्याला काय कळेल? असाच दुसरा सापळा 'किंमत'. व्हॅल्यूसाठी एकाने 'किंमत' घेतलं की बिलाच्या प्रोग्रॅममध्ये '`kimmat` या व्हेरिएबलची किंमत' असं वाक्य तयार होतं, आणि ते मोठ्याने म्हणून बघेपर्यंत त्यात काही वावगं वाटत नाही. तिथे 'मूल्य' घ्या, 'किंमत' दुकानातल्या मालाला राहू द्या. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश shabdakosh.marathi.gov.in वर आहेत. अडलं की जरूर बघा, पण कोशातला शब्द उचलण्याआधी तो वाक्यात घालून मोठ्याने म्हणा.

संज्ञांमधला दुसरा प्रकार जास्त घातक आहे. त्यात लेखन एकच असतं आणि अर्थ दोन. नवव्या भागात फंक्शन लिहिताना कंसातल्या नावांना 'पॅरामीटर' म्हटलंय:

```python
def bill(kimmat, nag):
    return kimmat * nag
```

आणि चौदाव्या भागातला लेखक `bill(40, 3)` दाखवून म्हणतो, 'इथे पॅरामीटर ४० आणि ३ आहेत.' बोलताना आपण सगळेच असं म्हणतो. पण व्याख्येतली नावं ते पॅरामीटर आणि बोलावताना दिलेली मूल्यं ती आर्ग्युमेंट, आणि पायथन हा फरक पाळतं. कुणी `bill(40)` एवढंच लिहिलं तर उत्तर येतं:

```
TypeError: bill() missing 1 required positional argument: 'nag'
```

हा गोंधळ शब्द मोजून सापडत नाही, कारण 'पॅरामीटर' दोन्हीकडे बिनचूक लिहिलेला असतो. म्हणून भागवार वाचून भागत नाही, शब्दवार वाचावं लागतं. `grep -n "पॅरामीटर" bhag*.txt` केलं की तो शब्द असलेल्या सगळ्या भागांतल्या ओळी एकाखाली एक येतात. त्या सलग वाचा. परिच्छेद एकच लांबलचक ओळ म्हणून जतन झाले असतील तर आधी वाक्यागणिक ओळ तोडा, नाहीतर हातात अख्खा परिच्छेद येतो. ज्या संज्ञांवर गोंधळ होऊ शकतो अशा निवडक संज्ञांना तरी ही वागणूक द्या: पॅरामीटर-आर्ग्युमेंट, फंक्शन-मेथड, प्रिंट-रिटर्न.

'यादीत'चं 'लिस्टत' का झालं, ते आता. मराठीत संज्ञा एकटी येत नाही. तिला प्रत्यय लागतात, तिचं सामान्यरूप होतं आणि तिचं लिंग आजूबाजूच्या क्रियापदांत, विशेषणांत पसरतं. म्हणून 'list = लिस्ट' एवढ्या नोंदीची शब्दसूची तिघा लेखकांना पुरत नाही. माझ्याकडची नोंद साधारण अशी असते:

> लिस्ट: स्त्रीलिंगी. एक लिस्ट, दोन लिस्ट ('लिस्टा', 'लिस्ट्स' नको). लिस्टमध्ये, लिस्टला, लिस्टची, लिस्टमधून, लिस्टमधला. फक्त पायथनच्या प्रकारासाठी. 'सामानाची यादी' तशीच राहील. पहिली ओळख भाग ६.

लिंग लिहिलं नाही तर काय होतं ते 'एरर'वर बघा. तिघांपैकी एकाचा एरर येतो, दुसऱ्याची एरर येते, आणि तिसऱ्याने 'त्रुटी' लिहिलं असेल तर त्याची त्रुटी आली. तुम्ही पुल्लिंग ठरवलंत आणि 'त्रुटी'च्या जागी 'एरर' घातलंत, तर 'ही त्रुटी का आली' याचं 'ही एरर का आली' होऊन बसतं. शब्द बदलला, 'ही' आणि 'आली' मागे राहिले. 'लूप'ही तसाच: फिरतो, फिरते, फिरतं, तिन्ही ऐकायला मिळतात. यात शुद्ध-अशुद्ध असं काही नाही, ठरवायचं आणि पाळायचं. माझा कल एरर पुल्लिंगी, लूप पुल्लिंगी, फंक्शन आणि व्हेरिएबल नपुंसकलिंगी असा आहे. तुमच्या निवेदकाच्या तोंडी जे सहज येतं ते घ्या, कारण रेकॉर्डिंगच्या भरात तो तेच बोलणार.

तेव्हा संज्ञा बदलताना 'सगळे बदला' हे बटण विसरा. आधी सगळ्या शब्दांची मोजणी काढा:

```
cat bhag*.txt | tr -s ' \t\r.,:;?!()"' '\n' | LC_ALL=C sort | LC_ALL=C uniq -c > shabd.txt
```

या यादीत यादी, यादीचा, यादीत, यादीतल्या, यादीला अशी तुमच्या संहितांमध्ये खरोखर आलेली सगळी रूपं शेजारी-शेजारी मिळतात ('याद्या' थोडी लांब सापडेल). प्रत्येक रूपासमोर त्याचं नवं रूप लिहा, मग `grep` ने प्रत्येक जागा काढून हाताने बदला. 'यादीत'ला 'लिस्टमध्ये'. 'याद्यांची' असेल तिथे नुसतं 'लिस्टची' करून अनेकवचन हरवतं, वाक्यात 'दोन्ही' किंवा 'सगळ्या' घालावं लागतं. बिलाच्या उदाहरणात 'सामानाची यादी' वारंवार येणार, तिला हात लावायचा नाही. म्हणून हे यंत्रावर सोपवता येत नाही.

तुम्ही पायथनवाले आहात म्हणून एक इशारा. शब्दाच्या सीमा पकडायला `\b` वापरायचा मोह होईल, वापरू नका. पायथनचं `re` काना-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही. `re.findall(r"\w+", "यादी")` चं उत्तर `['य', 'द']` येतं, आणि `\bयादी\b` ला स्वतंत्र उभी असलेली 'यादी' सापडतच नाही. कुणी हे चालवून 'एकही उरली नाही' असं समजून मोकळा होतो. त्याऐवजी पुढे-मागे देवनागरी अक्षर नाही, एवढं तपासा:

```python
namuna = r"(?<![\u0900-\u097F])यादी(?![\u0900-\u097F])"
```

आता उरलं फक्त वाचायचं, म्हणजे पाट्या, स्लाइड आणि सबटायटल यांतलं लेखन. वरच्याच `shabd.txt` मध्ये तुम्हाला एक चमत्कार दिसेल: 'दुसऱ्या' दोनदा, अगदी हुबेहूब, पण आकडे वेगळे. दोघांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाईप केलंय. एकाच्या अर्ध्या र साठी ऱ हे अक्षर आहे, दुसऱ्याच्या साध्या र् नंतर न दिसणारं जोडचिन्ह. 'ॲ'चंही तसंच. काहींचं ते एकसंध अक्षर असतं, काहींचं अ वर चंद्र ठेवून केलेलं. एकसंध ॲ यादीत 'ह'च्याही खाली, पार तळाशी जाऊन बसतो, तर दुसरा वर 'अ'मध्ये. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशनही हे एक करत नाही. म्हणून संज्ञांना हात लावण्याआधीच, सगळ्यात पहिल्यांदा, हे सरसकट करून टाका. अर्थाला धक्का नसल्याने इथे यंत्रावर पूर्ण भरवसा ठेवता येतो:

```python
t = t.replace("\u0905\u0945", "\u0972")              # ॲ
t = t.replace("\u0905\u0949", "\u0911")              # ऑ
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")  # ऱ्
```

ऱ्हस्व-दीर्घाचा वाद दोन नियमांत बराचसा मिटतो. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत दोन्ही आहेत. अकारान्त शब्दातलं शेवटून दुसरं इकार-उकाराचं अक्षर दीर्घ: गरीब, वकील, तसंच फाईल, लूप, टूल, सिस्टीम. अनुस्वार किंवा जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व: भिंत, तसंच लिस्ट, स्ट्रिंग, प्रिंट. नियम मराठी शब्दांसाठी आहेत, इंग्रजी शब्दांना कुणी उच्चाराप्रमाणे वेगळं लिहिलं तर भांडू नका. पण तिघांत एक निकष हवा आणि हा सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे. एक बारकावा: सामान्यरूप झालं की दीर्घाचं ऱ्हस्व होतं, फूल-फुलाला. 'लुपात' लिहिलंत तर ऱ्हस्व, 'लूपमध्ये' लिहिलंत तर दीर्घच. मी परभाषी संज्ञांना 'मध्ये, ला, चा' लावतो आणि सामान्यरूप टाळतो, म्हणजे हा प्रश्न निघतच नाही.

नावांना वेगळं पान द्या. पायथनच्या कर्त्याचं नाव Guido van Rossum. डच उच्चारात सुरुवातीचा ग घशातून घासत येतो आणि van जवळजवळ 'फान' ऐकू येतो. ते मराठीत हुबेहूब उतरवायच्या नादाला लागू नका, 'गीडो व्हॅन रॉसम' ठेवा, हवं तर दुसरं काही ठेवा. पण पहिल्यांदा नाव येईल तेव्हा पडद्यावर रोमन लेखन दाखवा, म्हणजे ज्याला शोधायचंय तो शोधेल. पानावर नावासोबत निर्विवाद तपशीलही लिहून ठेवा: ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था, पहिलं प्रकाशन १९९१. नाहीतर पहिल्या भागात १९९१ आणि शेवटच्यात १९८९ असं होतं. लेखक दोघंही खरे असतात, एकाने प्रकाशन धरलेलं असतं, दुसऱ्याने कामाची सुरुवात. `NumPy`, `elif`, `__init__` यांना उच्चाराचा रकाना लागतो: नमपाय, एल्-इफ, 'डबल अंडरस्कोर इनिट'. पडद्यावर ती नावं रोमनच राहतील, देवनागरी फक्त निवेदकासाठी.

त्यावरून एक. संहिता अजून सलग परिच्छेदांत असेल तर दोन रकान्यांत आणा, डावीकडे पडद्यावर काय, उजवीकडे बोलायचं काय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संहिता अशाच असतात. ऐकू येणारं आणि दिसणारं जुळतंय का, ते एका ओळीत डावीकडून उजवीकडे बघून कळतं. डावीकडे `list` आणि उजवीकडे 'यादी' असेल तर लगेच टोचतं. (आणि हो, संहितेला संहिताच म्हणा. पायथनच्या कोर्समध्ये 'स्क्रिप्ट' म्हटलं की कुठली, ते दर वेळी विचारावं लागतं.)

सूची एकाच्याच हातात ठेवा. बाकीचे दोघं सुचवतील, लिहील तो एकच. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी निवेदकाला ती मोठ्याने वाचायला लावा. 'आर्ग्युमेंट' त्याच्या तोंडी 'ॲर्ग्युमेंट' येत असेल तर सूची बदला, माणूस बदलायला जाऊ नका.

एवढं करूनही एखादा शब्द निसटेल. आवाज भरल्यावर सापडला, तर निवेदक जे बोललाय तेच सबटायटलमध्ये लिहा. कानाला 'यादी' आणि डोळ्याला 'लिस्ट' दिली तर शिकणारा दोन वेगळ्या गोष्टी समजतो. सबटायटलमध्ये फक्त लेखन सुधारायचं, शब्द नाही. 'यादी' एकदाच आली असेल तर सोडून द्या. पॅरामीटर-आर्ग्युमेंटसारखी अर्थाची चूक असेल तर पुन्हा रेकॉर्ड करा, आणि नुसता तो शब्द नाही, पूर्ण वाक्य. मधोमध चिकटवलेल्या शब्दाचा सूर आजूबाजूच्या सुराशी जुळत नाही आणि ते कुणालाही ऐकू येतं. वाक्याच्या आधी-नंतरच्या श्वासात कापलं तर सांधा सहसा लपतो.